डिलिव्हरीच्या गाडीची सर्व्हिसिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये खाद्यपदार्थ, किराणा, औषधे किंवा कुरिअर पोहोचवण्यासाठी शंभर ते सव्वाशे सीसीची साधी मोटरसायकल दिवसभर चालवणारे चालक आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. गिअर असलेल्या, चेनवर चालणाऱ्या आणि दोन्हीकडे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला धरून ही उत्तरे लिहिली आहेत. स्कूटरला सगळेच लागू पडणार नाही. आकडे देताना आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतील आकडा वेगळा असेल, तर पुस्तिकेचाच आकडा खरा मानावा.

१. माझी गाडी रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर चालते. सर्व्हिसिंग किती दिवसांनी करावी?

दिवसांचा हिशेब सोडून द्यावा आणि फक्त किलोमीटर मोजावेत. रोज ११० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस काम धरले, तर महिन्याचे २,८६० किलोमीटर होतात. घरच्या वापराची गाडी जे अंतर तीन-चार महिन्यांत कापते, ते तुमची गाडी एका महिन्यात कापते. त्यामुळे "तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग" हा नेहमीचा हिशेब येथे साडेआठ हजार किलोमीटरवर जातो आणि तोपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

आमचा सल्ला असा आहे, की इंजिन ऑईल दर २,००० ते २,५०० किलोमीटरला बदलावे आणि त्याच वेळी ब्रेक, चेन, केबल, टायर यांची तपासणी करून घ्यावी. टॅपेट, प्लग, एअर फिल्टर हे दर दुसऱ्या ऑईलबदलाच्या वेळी, म्हणजे पाच हजारांच्या आसपास उघडून पाहावेत. चेनला मात्र इतकी वाट पाहता येत नाही, तिचा हिशेब प्रश्न ५ मध्ये आहे.

२. पुस्तिकेत तर ऑईल सहा हजारांना बदला असे लिहिले आहे. मग गॅरेजवाले एवढ्या लवकर का सांगतात? हा पैसे काढण्याचा प्रकार आहे का?

शंका रास्त आहे, कारण विनाकारण लवकर ऑईल बदलायला लावणारेही असतातच. पण डिलिव्हरीच्या गाडीबाबत या सल्ल्यामागे साधे गणित आहे. ऑईल खराब होते ते इंजिन किती तास चालले यावर, आणि मीटर मोजतो ते चाकाने कापलेले अंतर. सिन्नर किंवा घोटीच्या रस्त्याने ताशी ५० च्या सरासरीने जाणारी गाडी ३,००० किलोमीटर साठ तासांत पूर्ण करते. द्वारका, मुंबई नाका, कॉलेज रोड, सिडको अशा गर्दीत फिरणाऱ्या गाडीची सरासरी सिग्नल धरून ताशी वीसच्या आसपास पडते, म्हणजे तिला २,००० किलोमीटरलाच शंभर तास लागतात. त्यात हॉटेलसमोर पार्सलची वाट पाहताना गाडी चालू ठेवण्याची सवय असेल, तर ते तास मीटरवर कुठेच दिसत नाहीत.

शिवाय ही इंजिने हवेवर थंड होतात. उभ्या गाडीला वारा लागत नाही, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी चालू इंजिनाने उभे राहणे हा ऑईलसाठी सर्वांत कठीण काळ असतो. वारंवार क्लच दाबून गाडी हळूहळू पुढे सरकवल्याने क्लच प्लेटची झीजही त्याच ऑईलमध्ये मिसळते.

एक गोष्ट मात्र डिलिव्हरीच्या गाडीच्या बाजूची आहे. दिवसभर इंजिन गरम राहत असल्याने थंड इंजिनाने दोन-दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीप्रमाणे ऑईलमध्ये पेट्रोल आणि पाण्याचा अंश साचत नाही. म्हणूनच दर हजार किलोमीटरला ऑईल बदलायला सांगणाऱ्याचे ऐकण्याचीही गरज नाही.

३. महागडे सिंथेटिक ऑईल टाकले तर पाच हजारांपर्यंत निर्धास्त चालवता येईल का?

आमच्या मते नाही. सिंथेटिक ऑईल उष्णतेला जास्त टिकते हे खरे आहे, पण त्यात मिसळणारा कचरा त्यामुळे कमी होत नाही. शंभर सीसीच्या अनेक इंजिनांमध्ये कारसारखा कागदी ऑईल फिल्टर नसतोच. तेथे फक्त तारेची जाळी आणि फिरणाऱ्या चकतीत जड कण अडकवणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. बारीक काजळी आणि क्लचची भुकटी यातून निसटून ऑईलमध्येच फिरत राहते आणि ती बाहेर काढण्याचा एकमेव मार्ग म्हणजे ऑईल बदलणे. महाग ऑईल पाच हजार चालवण्यापेक्षा पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे साधे, चांगले ऑईल अडीच हजारांना बदलणे या गाडीला अधिक मानवते.

ग्रेड निवडताना डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए २" असल्याची खात्री करावी. या मोटरसायकलींचा क्लच ऑईलमध्ये बुडालेला असतो. स्कूटरसाठीचे "एमबी" ऑईल किंवा कारचे ऑईल टाकल्यास क्लच घसरू शकतो. ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पळत नाही.

ऑईल बदलताना ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाकायला सांगावा. ॲल्युमिनिअमच्या चेंबरमध्ये बोल्ट वाजवीपेक्षा जोरात आवळला, तर आटे जातात. दर महिन्याला उघडल्या जाणाऱ्या बोल्टच्या बाबतीत ही भीती साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त असते. सेंट्रिफ्यूगल फिल्टर दर वेळी उघडण्याची गरज नाही, पण वर्षातून दोनदा तरी तो साफ व्हायला हवा.

४. दोन ऑईलबदलांच्या मध्ये ऑईल तपासावे लागते का? गळती तर कुठेच नाही.

गळती नसतानाही ऑईल कमी होते, आणि जास्त चाललेल्या गाडीचे इंजिन जाम होण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण सापडते. एक उदाहरण घ्या. गाडीत ९०० मिलिलिटर ऑईल बसते आणि साठ हजार चाललेले इंजिन दर हजार किलोमीटरला १५० मिलिलिटर ऑईल जाळते. सायलेन्सरमधून धूर दिसेलच असे नाही. अडीच हजार किलोमीटर पूर्ण होईपर्यंत ३७५ मिलिलिटर संपलेले असते आणि इंजिन उरलेल्या ५२५ मिलिलिटरवर चालत असते. म्हणजे ऑईल वेळेवर बदलूनसुद्धा शेवटचे आठ-दहा दिवस इंजिन तहानलेलेच राहते.

म्हणून आठवड्यातून एकदा डिपस्टिक पाहावी. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावून दोन-तीन मिनिटे चालू ठेवावी, बंद करून आणखी दोन-तीन मिनिटे थांबावे, डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि पाहावी. बहुतेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. फिरवून घट्ट केल्यास पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पातळी खालच्या खुणेजवळ असेल, तर त्याच ग्रेडचे ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरावे, त्याच्या वर नाही. किती भरले ते वहीत लिहावे, कारण हाच आकडा पुढे प्रश्न १२ साठी लागतो.

५. चेनला ऑईल किती वेळा लावावे? गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला लावतातच ना?

सर्व्हिसिंगला लावलेले ऑईल अडीच हजार किलोमीटर टिकत नाही. कोरड्या दिवसांत दर ५०० किलोमीटरला, म्हणजे तुमच्या हिशेबाने चार-पाच दिवसांनी, चेनला ऑईल हवे. पावसाळ्यात याहून लवकर लागते, त्याबद्दल प्रश्न ९ पाहावा.

दिवसाचे काम संपल्यावर चेन गरम असताना ऑईल लावणे चांगले, म्हणजे ते रात्रभर कड्यांच्या आत मुरते. गाडी मेन स्टँडला लावून न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवत चेनला ब्रश लावणे ही बोट गमावण्याची पद्धत आहे. चेन मातीने माखली असेल, तर रॉकेल किंवा डिझेल लावून ब्रशने साफ करावी, फडक्याने कोरडी करावी आणि नव्वद नंबरचे गिअर ऑईल चेनच्या आतल्या बाजूने लावावे. जास्तीचे पुसून टाकावे, कारण ओल्या चेनवर धूळ चिकटून तिचा घासपेपर होतो. चेनकव्हर पूर्ण बंद असेल, तर खालचे रबरी बूच काढून तेथून काम करता येते. वापरलेले इंजिन ऑईल चेनला लावण्याची पद्धत सर्रास आहे. त्यात धातूचे कण असतात, त्यामुळे ते टाळावे.

६. चेन दर आठवड्याला ढिली पडते. फक्त चेन बदलली तर चालेल का, की पूर्ण सेट घ्यावा?

पूर्ण सेट घ्यावा, आणि का ते एका गाडीच्या उदाहरणाने सांगतो. सिडकोतून दोन वेळच्या शिफ्टला निघणाऱ्या एका चालकाची गाडी "चेन आवळली की चार दिवसांत पुन्हा खडखडते" या तक्रारीसह आली. सात हजार किलोमीटरपूर्वी खर्च वाचवण्यासाठी फक्त चेन बदललेली होती, दोन्ही स्प्रॉकेट जुनेच होते.

चाक थोडे थोडे फिरवत चेनच्या खालच्या पदराची ढिलाई मध्यभागी मोजली. एका जागी ती २२ मिलिमीटर होती आणि अर्धा फेरा पुढे गेल्यावर ३८. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसल्याची ही खूण आहे. आता ही चेन ३८ च्या जागी मोजून आवळली, तर घट्ट जागी ढिलाई जवळजवळ शून्यावर येते आणि तो ताण थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. म्हणून ढिलाई नेहमी सर्वांत घट्ट जागी मोजून पुस्तिकेप्रमाणे ठेवायची असते. बऱ्याच गाड्यांना ती २० ते ३० मिलिमीटर असते.

मग चेन ताणून धरून वीस कड्यांची लांबी मोजली. या गाड्यांच्या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत १२.७ मिलिमीटर अंतर असते, म्हणजे नव्या चेनच्या वीस कड्या २५४ मिलिमीटर भरतात. २५९ ला चेन बाद समजावी. या चेनचे माप २५८ आले, तेही सात हजारांत. पुढचे कव्हर उघडल्यावर कारण दिसले: इंजिनाकडच्या छोट्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले होते. या स्प्रॉकेटला चौदाच्या आसपास दात असतात आणि मागच्याला चाळीसच्या वर, त्यामुळे छोट्याचा प्रत्येक दात मोठ्याच्या तिप्पट वेळा चेनला भिडतो आणि आधी झिजतो. झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही, एका वेळी दोन-तीनच दात सगळा ओढा सोसतात आणि चेन लवकर ताणली जाते. वाचवलेला खर्च अशा रीतीने परत भरावा लागतो.

नवा सेट बसवताना लॉक असलेल्या चेनमध्ये क्लिपचे बंद टोक चेन धावण्याच्या दिशेला आहे ना, हे स्वतः पाहावे. मागच्या हबमधील रबरेही त्याच वेळी तपासावीत. ती ढिली असतील, तर गिअर टाकताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना मागून धक्का जाणवतो आणि दोष चेनला दिला जातो.

७. ब्रेक शू कधी बदलायचे हे कसे ओळखावे? मेकॅनिक म्हणतो अजून चालतील.

ड्रमच्या झाकणावर, ब्रेकच्या पात्याजवळ एक बाणासारखी खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर पात्याचा बाण झाकणावरच्या खुणेपर्यंत पोहोचला, तर शू संपले आहेत. चाक न काढता मिळणारी ही माहिती आहे आणि ती दर आठवड्याला पाहायला अर्धे मिनिट लागते. चाक काढले असेल, तर लायनिंगची जाडी मोजावी. दोन मिलिमीटरच्या खाली गेल्यास शू बदलावेत.

येथे एक पळवाट आहे, ती माहीत असलेली बरी. ब्रेक रॉडचा नट आवळून संपला, की काही जण पाते काढून एक-दोन खाचा मागे फिरवून बसवतात. नटाला पुन्हा जागा मिळते आणि ब्रेक लागू लागतो, पण आतले शू तेवढेच झिजलेले राहतात, शिवाय खुणेचा बाणही आता खोटे सांगतो. अशा गाडीत एखाद्या दिवशी कॅम पूर्ण फिरून उलटण्याची किंवा ब्रेक दाबल्यावर तसाच अडकून राहण्याची शक्यता असते. पाते आणि रॉड यांच्यातला कोन ब्रेक दाबल्यावर नव्वद अंशांच्या पुढे जात असेल, तर हे झाले असल्याचा संशय घ्यावा.

डिलिव्हरीच्या गाडीत शू किती टिकतील, हे चालवण्याच्या पद्धतीवर इतके अवलंबून असते, की आम्ही आकडा देत नाही. दोन-तीन सेट शू बदलले, की ड्रमही मोजायला सांगावा. १३० मिलिमीटरच्या ड्रमची मर्यादा साधारणपणे १३१ असते आणि त्यापुढे नवे शू टाकूनही ब्रेक मऊच लागतो.

२०१९ च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाड्यांना एबीएस नसेल, तर एकत्रित ब्रेक असतो. बहुतेक मोटरसायकलींमध्ये मागचा ब्रेक पायाने दाबला, की पुढचाही काही प्रमाणात लागतो. त्यामुळे केवळ मागचा नट आवळून काम भागत नाही. पुढच्या आणि मागच्या ब्रेकची मोकळी चाल एकत्रच जुळवावी लागते.

८. एअर फिल्टर हवेने फुंकून पुन्हा बसवला तर चालतो का?

फिल्टर कोणत्या प्रकारचा आहे यावर ते ठरते. सध्याच्या बऱ्याच गाड्यांत तेलकट थर दिलेला कागदी फिल्टर असतो. तो फुंकायचा नसतो आणि धुवायचा तर मुळीच नसतो, कारण हवेच्या दाबाने धूळ धरणारा थर निघून जातो. तो बदलण्याचे अंतर पुस्तिकेत साधारण बारा ते पंधरा हजारांच्या आसपास असते. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत किंवा खोदकाम चालू असलेल्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीत तो आठ-दहा हजारांनाच बदलावा. फोमचा फिल्टर मात्र रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून आणि तेल लावून पुन्हा वापरता येतो. फिल्टरइतकेच महत्त्व त्याच्या पेटीच्या झाकणाला आहे. झाकणाचा रबर फाटला असेल, तर नवा फिल्टर असूनही धूळ बाजूने आत शिरते आणि सिलिंडर घासला जातो.

९. नाशिकच्या पावसाळ्यात वेगळे काय करावे?

चेनचे ऑईल धुऊन जाते, त्यामुळे जोराच्या पावसात दर दोन दिवसांनी ते लावावे; चेनच्या बाजूच्या पट्ट्यांवर तांबूस रंग दिसला, तर उशीर झाला असे समजावे. जूनच्या आधी दोन्ही ड्रम उघडून आतली भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी (हवेने फुंकू नये, ती छातीत जाते), आणि ब्रेकच्या कॅमला अगदी थोडे ग्रीस लावावे. कोरडा कॅम पावसात गंजतो आणि ब्रेक दाबल्यावर परत येत नाही. चार-पाच किलोमीटर गेल्यावर चाकाचा हब हाताला चटका देईल इतका तापत असेल, तर हेच घडते आहे.

क्लच, ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकची केबल या तिन्हींच्या बाह्य आवरणाला भेग असेल, तर पावसाळ्याआधी त्या बदलाव्यात. जुनी पण चालू असलेली क्लच केबल सीटखाली ठेवावी. भर पावसात रात्री अकरा वाजता पाथर्डी फाट्यावर केबल तुटली, तर तीच उपयोगी पडते.

१०. टॅपेटचा आवाज येत नाही. मग सेटिंग कशाला?

आवाज न येणे हे नेहमीच चांगले लक्षण नसते. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट वाढली की टिकटिक ऐकू येते, त्यामुळे ती लक्षात येते. जास्त चाललेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू खोल बसत जातो आणि फट कमी होते. अशा वेळी इंजिन अधिकच शांत वाटते. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो, गाडी गरम असताना चालू व्हायला त्रास देते, चढावर ओढत नाही आणि शेवटी व्हॉल्व्हची कड जळते. दर पाच हजारांना फट मोजली, तर हे पुष्कळ आधी कळते.

फट मोजायची ती थंड इंजिनावर आणि फिलर गेजने. "हाताच्या अंदाजाने" नाही. अनेक गाड्यांत ती ०.०५ ते ०.१२ मिलिमीटर इतकी सूक्ष्म असते आणि इनटेक-एक्झॉस्टची वेगवेगळी असू शकते. पुस्तिकांमध्ये इंजिन पस्तीस अंशांच्या खाली असावे असे सांगतात. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीला हे शक्यच नसते, म्हणून गाडी आदल्या रात्री गॅरेजला सोडावी किंवा सकाळचा पहिला नंबर घ्यावा.

११. मागे मोठी बॅग किंवा कॅरिअर लावले आहे. त्याने काय जास्त झिजते?

वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकत असल्याने मागचा टायर, मागचे शॉकॲब्सॉर्बर आणि स्पोक यांवर भार येतो आणि पुढचे चाक हलके होते. टायरमधील हवा एकट्या चालकाच्या आकड्याप्रमाणे न ठेवता मागे दुसरी व्यक्ती बसल्यावर सांगितलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावी. हे दोन आकडे बऱ्यापैकी वेगळे असतात आणि गाडीवरच्या स्टिकरवर छापलेले असतात. हवा थंड टायरमध्ये, आठवड्यातून एकदा तपासावी. तारेची चाके असतील, तर प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारावी. इतरांपेक्षा बद्द वाजणारा स्पोक ढिला असतो.

कोनसेट तपासण्यासाठी पुढचे चाक अधांतरी करून हँडल मध्यापासून दोन्हीकडे हळूच फिरवावे. मध्यभागी ते खाचेत अडकल्यासारखे थांबत असेल, तर बॉल रेसला खड्डे पडले आहेत. ते आवळून दुरुस्त होत नाही, बदलावेच लागते.

१२. गाडी सत्तर हजार चालली आहे. इंजिनाचे काम करावे की तसेच चालवावे?

मीटरच्या आकड्यावरून हा निर्णय घेऊ नये, ऑईलच्या वहीवरून घ्यावा. हजार किलोमीटरला शंभर-दीडशे मिलिलिटर ऑईल लागत असेल आणि तो आकडा महिनोन्‌महिने स्थिर असेल, तर ऑईल भरत राहणे इंजिन खोलण्यापेक्षा स्वस्त पडते. आकडा दर महिन्याला वाढत असेल, तर तपासणी करावी. सकाळी चालू करताच थोडा निळसर धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हच्या ऑईल सीलचे काम असते, जे त्या मानाने लहान आहे. ॲक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल, तर रिंग किंवा सिलिंडर झिजल्याचा संशय घ्यावा आणि कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय खोलायला परवानगी देऊ नये. काळा धूर हा वेगळा विषय आहे, तो पेट्रोल जास्त जाण्याचा. त्यासाठी आधी एअर फिल्टर पाहावा.

१३. नवी गाडी आहे. मध्येच बाहेर ऑईल बदलले तर वॉरंटी जाते का? आणि फ्री सर्व्हिसिंगचे काय?

फ्री सर्व्हिसिंगच्या कूपनवर किलोमीटर आणि दिवस दोन्ही लिहिलेले असतात आणि जे आधी येईल ते लागू होते. तुमच्या बाबतीत किलोमीटरच आधी येतात. पहिल्या सर्व्हिसिंगची मर्यादा तर आठवड्याभरात ओलांडली जाऊ शकते. म्हणून गाडी घेतल्या दिवशीच पहिली वेळ ठरवून टाकावी. कंपनीने सांगितलेली प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करावी, आणि मधला जादा ऑईलबदलही शक्यतो तेथेच करून बिल जपून ठेवावे. व्यावसायिक वापरासाठी वॉरंटीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या पुस्तिकेत आधीच वाचाव्यात, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

१४. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, पण गाडी व्यवस्थित चालते. काम थांबवावे का?

बीएस ६ गाड्यांमध्ये हा दिवा इंजेक्शन यंत्रणेतील दोष दाखवतो. गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर शिफ्ट पूर्ण करून त्याच दिवशी स्कॅनरवर कोड पाहून घ्यावा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नये. डिलिव्हरीच्या गाड्यांत मोबाईल चार्जरसाठी वायर सोलून केलेली जोडणी हे याचे एक नेहमीचे कारण असते, त्यामुळे सेन्सरला दोष देण्याआधी तीच तपासायला सांगावी.

१५. महिनाभर गावी गेलो होतो, गाडी फक्त सहाशे किलोमीटर चालली. तरी ऑईल बदलावे का?

फक्त त्या महिन्यासाठी नाही. अडीच हजारांचा हिशेब पुढे चालू ठेवावा. परतल्यावर मात्र टायरमधील हवा, चेनचा गंज आणि बॅटरी पाहावी, आणि पहिला ब्रेक गल्लीतच दाबून पाहावा.

१६. गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर सराफ बाजारात उभी गाडी पाण्यात गेली. सुकल्यावर चालू करू का?

सेल्फ किंवा किक मारू नये, चावीही फिरवू नये. बॅटरीची जोडणी काढून गाडी ढकलत न्यावी. पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल, तर ते दाबले जात नाही आणि किकच्या एका फटक्यात कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

आधी एअर फिल्टरची पेटी उघडावी. ती कोरडी असेल, तर पाणी इंजिनात गेले नसण्याची शक्यता बरीच आहे, तरी ऑईल पाहावेच. ते दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर पाणी मिसळले आहे. अशा वेळी ऑईल पूर्ण काढावे, प्लग काढून ठेवून किकने हलकेच इंजिन फिरवावे म्हणजे पाणी बाहेर पडते, पेट्रोलची टाकी रिकामी करून पुसावी आणि फिल्टर नवा टाकावा. नवे ऑईल भरून गाडी पाच-दहा मिनिटे जागेवर चालवावी आणि तेही काढून टाकावे, कारण कोपऱ्यात राहिलेले पाणी त्यात आलेले असते. दुसऱ्यांदा भरलेले ऑईल तीनशे-चारशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे; ते स्वच्छ असेल, तर नेहमीच्या हिशेबावर यावे.

चाकांची बेअरिंग्ज आणि वायरिंगचे कपलर पंधरा-वीस दिवसांनी त्रास देऊ लागतात, त्या वेळी कोणाला पुराची आठवण राहत नाही. कपलर पहिल्याच दिवशी उघडून वाळवावेत आणि बेअरिंग्जची घरघर पुढचे दोन ऑईलबदल होईपर्यंत दर वेळी चाक अधांतरी फिरवून ऐकावी.